शंभर टक्के सुती

तेलंगणातल्या बोथच्या बाजारात खताच्या दुकानामागे दोन खोल्या होत्या. पहिलीत तीन शिलाई मशिनी, दुसरीत मांजरपाटाचे तागे आणि शिवून झालेल्या ओट्यांची चळत. दारावरच्या पाटीवर तेलुगूत आणि मराठीत 'जयवंता शीलाई केंद्र' असं रंगवलेलं. हे केंद्र जयवंताबाईचं. वय बेचाळीस, बांधा ठेंगणा, चालणं भरभर. माहेर किनवटच्या बाजूला, सासर बोथपासून चार मैलांवर. शिक्षण चौथीपर्यंत मराठीत आणि पुढं दहावीपर्यंत तेलुगूत झालेलं, त्यामुळं दोन्ही भाषा वाचायला अडचण नव्हती. मराठी लिहायची मात्र ती कानानं. जसं ऐकू येईल तसं.

कापूस वेचायची ओटी म्हणजे बायांनी कमरेला बांधायची झोळी. पुढं तोंड मोकळं, दोन्ही बाजूंना बांधायला कापडी बंद. वेचलेला कापूस त्यात टाकत तासाच्या, म्हणजे कपाशीच्या ओळीच्या, टोकापर्यंत जायचं आणि तिथं रिकामी करायची. पूर्वी ती जुन्या लुगड्याची असे. मग खताच्या रिकाम्या प्लास्टिक पोत्यांचा सुळसुळाट झाला आणि बाया पोतं फाडून तेच बांधायला लागल्या. पोत्याच्या कडा उसवतात, धागे सुटतात आणि कापसात मिसळतात. जयवंताबाईनं तीन वर्षांपूर्वी एक हंगाम जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काम केलं होतं. तिथं पंचवीस बाया ओळीनं बसून कापसाच्या ढिगातून प्लास्टिकचे धागे उपसायच्या. एवढं करूनही काही राहूनच जायचे. प्लास्टिकच्या धाग्याला कपड्याचा रंग धरत नाही, तो विणलेल्या कापडात पांढऱ्या रेघेसारखा उघडा पडतो, हे तिला तिथल्या मुकादमानं सांगितलं होतं.

हंगाम संपल्यावर तिनं घरी दहा सुती ओट्या शिवल्या आणि शेजारणींना वापरायला दिल्या. पुढच्या वर्षी एकीच्या तीन मशिनी झाल्या. राहीबाई नावाची विधवा शिवणकामात तिच्यापेक्षाही साफ हाताची होती, ती कायमची कामाला आली. तिसऱ्या मशिनीवर हंगामापुरती एक बाई यायची. धंदा लहान होता, पण आपला होता. सकाळी कुलूप काढताना जयवंताबाईला बरं वाटायचं.

दोन हजार सोळा सालच्या सप्टेंबरात ती बहिणीला भेटायला यवतमाळ जिल्ह्यात गेली. तिथं बहिणीच्या घरी एक छापील पत्रक पडलं होतं. शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या एका कंपनीचं. आठशे सभासद, सगळे कापूसवाले. खाली लिहिलं होतं की वेचणीचं सुती साहित्य पुरवणाऱ्यांनी आपली माहिती ईमेलवर पाठवावी, आणि पुढं खरेदी पाहणाऱ्या सुधाकररावांचं नाव. जयवंताबाईनं ते पत्रक घडी घालून पिशवीत टाकलं.

घरी आल्यावर दोन दिवस बसून तिनं वहीत मजकूर लिहून काढला. आपल्या मालाबद्दल लिहायचं म्हणजे छातीठोक लिहायचं, असं तिचं मत होतं. दुकानाच्या पाट्यांवर, भिंतींवरच्या जाहिरातींत असंच तर असतं. लिहून झाल्यावर तिनं तो राहीबाईला वाचून दाखवला. राहीबाई म्हणाली, "लय भारी झालं. मीच घेतल्या असत्या पन्नास." मग वही घेऊन जयवंताबाई चिंतामणीकाकांकडं गेली.

चिंतामणीकाकांनी आदिलाबादच्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली होती. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, देवस्थानाची पत्रकं, तेलुगू असो की मराठी, छपाईला जायच्या आधी कागद त्यांच्या डोळ्याखालून जायचा. छापखाना बंद झाल्यावर ते बोथला, आपल्या जुन्या घरी आले आणि ओसरीवर एक संगणक टाकून टंकलेखन करू लागले. त्यांचे वडील निजामाच्या काळात तहसिलीत कारकून होते. पोलिस ॲक्शननंतर कचेरीतली उर्दू जाऊन दुसऱ्या भाषा आल्या तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते आणि त्यांना सगळं नव्यानं शिकावं लागलं होतं. 'इबारत साफ पाहिजे', म्हणजे लिहिलेला मजकूर चोख हवा, हे त्यांचं बोलणं चिंतामणीकाकांच्या तोंडातही बसलं होतं.

"टाइप करून पाठवून द्याचं, काका," जयवंताबाई म्हणाली. "हा पत्ता."

काकांनी चष्मा चढवला, वही जवळ ओढली आणि वाचायला लागले. वहीत असं होतं:

'आमचा माल एक नंबरचा असुन संपूर्ण आदिलाबाद जिल्ह्यात प्रसीध्द आहे. आमची पीशवी शंभर टक्के सूती आहे व कधिही फाटत नाही. दोन वर्षापासून फाटलेली एकही पीशवी परत आली नाही. आमच्याकडे तीन बाया काम करते. आमची पीशवी वापरणाऱ्या शेतकऱ्याला क्विंटलला दोनशे रुपये जास्त भाव हमखास मिळतो. आमचे केंद्र सरकारमान्य आहे. तरी एकडाव सेवेची संधी द्यावी.'

काकांनी खिशातून लाल पेन काढलं. 'असुन'चं 'असून' केलं, 'प्रसीध्द' मोडून 'प्रसिद्ध' लिहिलं, 'पीशवी' तीन ठिकाणी आखूड केली. 'बाया काम करते' याखाली रेघ मारली.

"तीन बाया काम कर*तात*," ते म्हणाले. "आणि दोन वर्षांवर अनुस्वार पाहिजे. 'सुती' ऱ्हस्व. तुमच्या पाटीवर 'शिलाई'सुद्धा दीर्घ लिहिली आहे, माहीत आहे का?"

"नाई बाप्पा."

"असू दे. रंगाच्या वेळी बघू."

इथवर जयवंताबाईला मजा वाटत होती. मग काकांनी पेन थांबवलं.

"हे वाक्य बघा. 'दोन वर्षांपासून फाटलेली एकही पिशवी परत आली नाही.' म्हणजे पिशवी दोन वर्षांपासून फाटलेली होती, असाही अर्थ निघतो."

जयवंताबाईनं वाक्य पुन्हा वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "मले म्हनायचं होतं, दोन वर्षांत कोनी परत आनली नाई."

"तेच लिहू. पण खरंच एकही नाही?"

"चार आनल्या होत्या. बंद निघाले होते. आमी लगेच शिवून देल्या."

"मग हे वाक्य जातं."

"काऊन? चारच तर होत्या."

"चार म्हणजे एकही नाही नव्हे," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. छापखान्यात मात्रा चुकली तर ज्या सुरात सांगत, त्याच सुरात ते बोलत होते. "आणि 'कधीही फाटत नाही' असं कुठलं कापड असतं? 'दोनशे रुपये हमखास'. कुणाला मिळाले?"

"आमच्या मालकाले एकडाव मिळाले. व्यापारी म्हने, माल साफ हाय."

"एकदा. हमखास नव्हे. बरं, सरकारमान्य कसं?"

त्याचं उत्तर तिच्याकडं होतं. तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढला. उद्योग आधारची नोंदणी होती ती. काकांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "ही नोंदणी आहे. तुम्ही धंदा करता असं तुम्ही सरकारला कळवलंत. तुमचा माल चांगला आहे असं सरकार यात कुठंही म्हणत नाही. 'नोंदणीकृत' लिहा, नंबर द्या. तेवढं खरं आहे."

जयवंताबाईचा चेहरा उतरत चालला होता. आपल्या मुलाला कुणी शाळेत सगळ्यांसमोर उभं करून प्रश्न विचारावेत, तसं तिला वाटत होतं. ती म्हणाली, "काका, तुमी लग्नाच्या पत्रिकेत असं इचारता काय? पोरगा खरंच इंजिनेर हाय का म्हून?"

काका हसले. "एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. पण पत्रिका वाचून लोक जेवायला येतात. हे वाचून माणूस माल मागवणार आहे. माल हातात आल्यावर तो हा कागद पुढं ठेवून बघेल." मग त्यांनी पेनाचं टोक दुसऱ्या ओळीवर ठेवलं. "शंभर टक्के सुती. कापड सुती आहे?"

"मांजरपाट हाय. नुसतं सूत. मी सोता ताग्यातून धागा काढून जाळून पायते."

"आणि दोरा?"

"कोनता दोरा?"

"ज्यानं शिवता तो."

दोरा पॉलिस्टरचा होता. सगळेच शिंपी तोच वापरतात. तुटत नाही, रीळ स्वस्त पडतं, मशीन अडत नाही. तिच्या मनात हा प्रश्न तीन वर्षांत एकदाही आला नव्हता. जिनिंगमध्ये तिनं बोटांनी उपसलेले धागे तिला आठवले. शिवण उसवली, टोक तुटलं, तर तिच्याच ओटीतून तसलाच एक धागा कापसात पडणार होता.

"दोरा प्लास्टिकचाच म्हना," ती शेवटी म्हणाली.

काका म्हणाले, "दोन वाटा आहेत. 'कापड शंभर टक्के सुती, शिवण पॉलिस्टर दोऱ्याची' असं लिहायचं. ते चोख आहे. नाहीतर दोरा बदलायचा. मला शिवणकामातलं कळत नाही, मी फक्त इबारत बघतो."

"आज नोका पाठवू," जयवंताबाई म्हणाली आणि वही उचलून निघाली.

परतताना तिला राग आला होता, पण नेमका कुणाचा ते तिलाच सांगता येत नव्हतं. काकांचा म्हणावा तर त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. रात्री जेवताना तिनं डोमाजीला, म्हणजे नवऱ्याला, सगळं सांगितलं. डोमाजी कमी बोलणारा माणूस. सहा एकर कापूस आणि दोन एकर ज्वारी बघायचा, बायकोच्या धंद्यात नाक खुपसायचा नाही. तो म्हणाला, "त्यानं पाह्यलं ते बरं झालं. तिकडच्यानं पाह्यलं असतं तं?"

दुसऱ्या दिवशी ती आदिलाबादला गेली आणि चार दुकानं हिंडून जाड सुती दोऱ्याची सहा रिळं घेऊन आली. राहीबाईनं रीळ हातात घेऊन तोंड वाकडं केलं.

"ह्याची शिवन टिकत नाई. लहानपनी माया मायनं ह्याच दोऱ्यानं शिवलं, दर साली उसवायचं."

"पाहू तं खरं."

पहिल्या दिवशी दोरा सारखा तुटला. राहीबाईनं मशिनीचा ताण सैल केला, सुई एक नंबर जाड लावली, तेव्हा कुठं टाके धड पडायला लागले. दुपारपर्यंत मशिनीखाली पांढरी भुकटी साचली, ती ब्रशनं झाडावी लागली. संध्याकाळी ओटी तयार झाली. जयवंताबाईनं डोमाजीकडून ज्वारी मागून घेतली. वेचणारी बाई ओटीत फार तर सहा-सात किलो कापूस भरते. तिनं बारा किलो ज्वारी मोजून भरली आणि ओटी बंदांनी खोलीच्या आडव्या बल्लीला टांगली.

तासाभरात उजवा बंद जिथं जोडला होता तिथून शिवण चरचर उसवली आणि ज्वारी फरशीवर सांडली.

"सांगतलं होतं मी," राहीबाई म्हणाली आणि झाडू आणायला गेली.

डोमाजी पोत्यात ज्वारी परत भरायला आला होता. तो खाली बसून दाणे गोळा करताना म्हणाला, "बाकी शिवन कुठंच नाई गेली. बंदापाशीच गेली."

त्याचं म्हणणं खरं होतं. जयवंताबाईनं ओटी उलटी करून पाहिली. तळाची आणि बाजूची शिवण जशीच्या तशी होती, सगळा भार बंदाच्या एका रेघेवर आला होता. राहीबाईचाही राग तेवढ्यात उतरला, कारण आता शिवणीची गोष्ट आली होती आणि ती तिच्या हातातली होती. तिनं बंदाचं टोक दुमडून चौकोनी शिवलं आणि चौकोनाच्या आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारली. बाजूच्या शिवणीवर दुसरी रेघ घातली. अशा तीन ओट्या केल्या. सकाळी तिन्हींत बारा-बारा किलो ज्वारी भरून टांगल्या. दिवसभर दोघी मधून मधून मान वर करून बघत होत्या. दिवेलागणीला तिन्ही तशाच लोंबत होत्या. राहीबाईनं त्यातल्या एकीला धक्का देऊन झुलवून पाहिलं. मग मशिनीवर कापड झाकून म्हणाली, "आता लिहा काय लिहाचं ते."

त्याच आठवड्यात दसरा आला आणि दसऱ्याच्या दिवशी आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. बोथ आदिलाबादेतच राहिलं, पण निर्मळ, मंचेरियाल, आसिफाबाद वेगळे झाले. बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर दुसरं बोलणं नव्हतं. कुणाची जमीन एका जिल्ह्यात आणि मुलीचं सासर दुसऱ्यात गेलं होतं, कुणाला आता दाखल्यासाठी जवळ पडणार होतं तर कुणाला लांब. दसऱ्यानंतर जयवंताबाई पुन्हा काकांच्या ओसरीवर आली तेव्हा काकांच्या टेबलावर लेटरहेडचे चार नमुने पडले होते, सगळ्यांना जिल्हा बदलून पाहिजे होता.

तिनं दोरा पुढं ठेवला, शिवलेली ओटी ठेवली आणि ज्वारीची गोष्ट सांगितली. काकांनी माचिस मागवली, दोऱ्याचं टोक जाळलं. जळक्या कागदासारखा वास आला आणि बोटावर मऊ राख राहिली, पॉलिस्टरची होते तशी कडक गोळी झाली नाही.

"आता शंभर टक्के," ते म्हणाले.

मग जयवंताबाई जरा पुढं सरकली. तिच्या डोळ्यांत खट्याळपणा होता. "काका, मी इचार केला. 'संपूर्न आदिलाबाद जिल्हा' तुमी कापनार हे मले समजलं. पन निर्मळकडच्या पाच गावांत माल जाते ना? आता निर्मळ येगळा जिल्हा झाला. मंग 'दोन जिल्ह्यांत आमचा माल जाते' असं लिहिलं तं? हे तं खोटं नाई."

काकांनी चष्मा काढला. या प्रश्नानं ते खूश झाले होते. "खोटं नाही," ते म्हणाले. "व्याकरणही बरोबर आहे. याला मी काही खूण करू शकत नाही."

"मंग?"

"मग तुम्हीच सांगा. सुधाकरराव वाचून काय समजतील?"

जयवंताबाईनं ते वाक्य सुधाकररावांच्या डोळ्यांनी मनात वाचून पाहिलं. ते समजतील की हिचा धंदा दोन जिल्ह्यांत पसरलाय, गाड्या धावतायत. खरं तर माल मागच्या महिन्यात जिथं जात होता तिथंच जात होता, बदलल्या होत्या त्या फक्त सरकारच्या रेघा. तिनं मनातल्या मनात गावं मोजली. सोनाळ्यापासून सुरुवात केली आणि बोटांवर येत येत निर्मळकडच्या पाच गावांपाशी थांबली.

"सतरा गावं," ती म्हणाली. "सतरा गावंच लिहा. गाव म्हटलं का शेतकऱ्याले समजते."

काकांनी मान हलवली आणि संगणकाकडं वळले. सवयीनं लग्नपत्रिकेचा फॉन्ट निवडून दोन ओळी टाइप केल्या आणि स्वतःच थांबले. "हा फॉन्ट छपाईचा. समोरच्याच्या संगणकावर नसला तर तिथं नुसती गिचमिड उमटेल." त्यांनी त्या दोन ओळी पुसल्या आणि युनिकोडमध्ये पहिल्यापासून सुरू केलं. विषयाच्या जागी 'माहिती' असं जयवंताबाई सांगत होती. काका म्हणाले की रोज पन्नास मेल येणाऱ्या माणसाला 'माहिती'वरून काय कळणार. दोघांनी मिळून एकेक वाक्य बांधलं. मोठ्यानं वाचायचं, अडखळलं की बदलायचं. शेवटी मेल असा झाला:

'विषय: कापूस वेचणीसाठी सुती ओट्या – परिचय व नमुना

श्री. सुधाकरराव यांस नमस्कार.

आपल्या कंपनीच्या पत्रकात वेचणीच्या सुती साहित्याबद्दल वाचून हा मेल लिहीत आहे. बोथ, जि. आदिलाबाद, तेलंगणा येथे आमचे लहान शिलाई केंद्र आहे. तेथे आम्ही तीन स्त्रिया कापूस वेचणीच्या ओट्या शिवतो. केंद्राची उद्योग आधार नोंदणी झालेली आहे. क्रमांक खाली दिला आहे.

ओटीचे कापड, बंद आणि शिवणीचा दोरा हे तिन्ही सुती आहेत. त्यामुळे ओटीतून प्लास्टिकचा धागा कापसात जात नाही. सुती दोरा आम्ही या महिन्यापासूनच वापरू लागलो आहोत. त्याने शिवलेल्या तीन ओट्यांत प्रत्येकी बारा किलो ज्वारी भरून त्या दिवसभर टांगून ठेवल्या. कोठेही शिवण उसवली नाही. दोन वर्षांपासून सतरा गावांतील शेतकरी आमच्या ओट्या वापरत आहेत. याआधीच्या चार ओट्यांचे बंद निघाले होते. त्या आम्ही दुरुस्त करून दिल्या आणि आता बंदाची शिवण बदलली आहे.

आपण सांगितल्यास दोन ओट्या नमुना म्हणून विनामूल्य पाठवू. सोबत ओटीचे छायाचित्र आहे.

आपली,
जयवंताबाई'

खाली फोन नंबर, पत्ता आणि नोंदणीचा क्रमांक.

"चार ओट्यांचं काऊन लिहाचं?" तिनं विचारलं. "ते तं तुमी कापलं होतं."

"मी खोटं कापलं होतं. हे खरं आहे आणि तुम्ही त्यावर काय केलंत तेही आहे. नको असेल तर काढतो, तो निर्णय तुमचा."

तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. दुरुस्त करून दिल्या. बंदाची शिवण बदलली आहे. वाचताना राहीबाईनं मारलेली फुली तिच्या डोळ्यांसमोर आली. "राहू द्या," ती म्हणाली.

काकांनी आधी मेल स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून पाहिला. मोबाइलवर अक्षरं नीट दिसली, फोटो उघडला. मग पत्रकावरचा पत्ता एकेक अक्षर बोलून ताडला आणि बटण दाबलं. जयवंताबाईला वाटलं होतं काहीतरी आवाज होईल. काहीच झालं नाही. काका म्हणाले, "गेला," आणि रमाबाईंना, आपल्या बायकोला, चहा टाकायला सांगितलं.

पाचव्या दिवशी दुपारी तिच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला. मशिनी चालू होत्या, तिनं हात वर करून राहीबाईला थांबवलं.

"जयवंताबाई का? मी सुधाकरराव बोलतोय. तुमचा मेल वाचला. शिवणीचा दोरा सुती असं तुम्ही लिहिलंय, ते बरोबर आहे ना? माल पुरवू म्हणणाऱ्या इतर तिघांना मी विचारलं तेव्हा त्यांना दोऱ्याचं काही सांगता आलं नाही."

"बरोबर हाय. पाह्यजे तं जाळून पाहा."

पलीकडून हसू आलं. "बघतोच. नमुने पाठवा. आणि एक सांगा, धुतल्यावर ओटी आटते का?"

राहीबाई मशिनीवरून खुणेनं सांगत होती, नाही म्हण, नाही म्हण. जयवंताबाईनं तिच्याकडं पाठ फिरवली. "सुती दोऱ्याची धुऊन नाई पाह्यली अजून. आज धुतो आमी, उद्या सांगतो."

फोन ठेवल्यावर राहीबाई म्हणाली, "नाई म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं?" पण म्हणता म्हणताच ती बादली भरायला गेली होती.

ओटी आटली. उभ्यात दोन बोटं, आडव्यात एक. मांजरपाट कोरं होतं, ते आटणारच. जयवंताबाईनं माप घेऊन सुधाकररावांना मेसेज पाठवला. या वेळी काकांकडं न जाता, मोबाइलवर स्वतः टाइप करून: 'ओटी उभ्यात दोन बोट व आडव्यात एक बोट आटली. आम्ही कापड आधी भिजवून वाळवून मग कापू.' पाठवायच्या आधी तिनं 'भीजवून'चं 'भिजवून' केलं आणि तीनदा वाचलं.

नमुने बसनं गेले. आठवड्याच्या आत साठ ओट्यांची मागणी आली, चाचणीपुरती. हा हंगाम पाहून पुढच्या सालाचं ठरवू, असं सुधाकररावांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि जयवंताबाईला ते पटलं होतं. मांजरपाटाचे तागे आधी भिजवायचे म्हणजे जागा लागणार. डोमाजीनं खळ्यावर दोन बल्ल्या रोवून तारा बांधून दिल्या. दिवाळीआधीचे आठ दिवस त्यांच्या खळ्यावर पांढरं कापड वाळत होतं आणि येणारे-जाणारे विचारत होते की एवढी धोतरं कुणाची.

साठ ओट्या घेऊन ती स्वतः गेली. किनवटला बस बदलून, गठ्ठा टपावर टाकून. सुधाकरराव तिला एका सभासदाच्या शेतावर घेऊन गेले. वेचणी चालू होती. त्यांनी गठ्ठा सोडून बायांना ओट्या वाटल्या. एका म्हाताऱ्या वेचणारणीनं ओटी हातात घेतली, आत हात घालून शिवण चाचपली, बंद दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि मग कमरेला बांधली. जयवंताबाई बांधावर उभी होती. ती बाई तासाला लागली, दोन्ही हात भराभर चालायला लागले आणि ओटी हळूहळू फुगत गेली.

"जड तं नाई होत?" जयवंताबाईनं बांधावरून विचारलं.

"नाई," बाई मान न उचलता म्हणाली. "पन तोंड आखीन चार बोटं रुंद पायजे. हात अडते."

जयवंताबाईनं पिशवीतून वही काढली आणि ते लिहून घेतलं.